खुब्यातलं पाणी की पू?

रात्री साडेदहाला अपघात विभागातल्या निवासी डॉक्टरचा फोन आला. "सर, पाच वर्षांचा मुलगा आहे. सकाळपासून उजवा पाय टेकत नाही. एक्स-रे नॉर्मल आहे. सकाळी ओपीडीत दाखवू का?"

लहान मुलांच्या हाडांचं काम करणाऱ्या माणसाला या वाक्यातला 'सकाळी' हा शब्द टोचतो. मी गाडी काढली.

मुलगा सोलापूरकडच्या एका गावातला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण आकडे खऱ्यासारखेच आहेत. तीन दिवसांपूर्वी तो शाळेच्या मैदानात पडला होता. आजीने तेल लावून पाय चोळला. दुसऱ्या दिवशी ताप आला, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि अँटिबायोटिकचं सिरप दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उभं केलं, तर त्याने पाय जमिनीला लावूच दिला नाही. "कुठे दुखतंय?" असं विचारलं की तो गुडघ्यावर बोट ठेवायचा. त्यामुळे एक्स-रेही गुडघ्याचाच काढलेला होता.

गुडघा शांत होता. सूज नाही, गरम नाही, वाकवला तरी तक्रार नाही. खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याला काही नसा सामाईक असतात. त्यामुळे दुखणं खुब्यात असताना मूल गुडघा दाखवतं, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवलं जातं आणि आपण सगळेच ते एकदा तरी विसरतो. हा मुलगा मांडी किंचित वाकवून, बाहेरच्या बाजूला फिरवून निजला होता. त्या स्थितीत खुब्याच्या सांध्याच्या पिशवीत सर्वांत जास्त जागा असते. आत द्रव साठला की मूल कोणी न सांगता तशीच मांडी ठेवतं. मी त्याचं पाऊल धरून अख्खा पाय, लाटणं फिरवावं तसा, जेमतेम बोटभर आत-बाहेर फिरवला. तो किंचाळला.

म्हणजे खुब्यात द्रव होता. प्रश्न इतकाच की ते पाणी आहे की पू.

साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये खुबा अचानक दुखण्याचं सर्वांत नेहमीचं कारण निरुपद्रवी असतं. सांध्याच्या आतल्या पातळ अस्तराला तात्पुरती सूज येते आणि थोडं पाणी साठतं. आम्ही तिला ट्रान्झियंट सायनोव्हायटिस म्हणतो. बऱ्याचदा आठ-पंधरा दिवस आधी सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. विश्रांती आणि आयबुप्रोफेन दिलं की बहुतेक मुलं आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा पळायला लागतात आणि सांध्यात मागे काही उरत नाही.

दुसरं कारण म्हणजे सेप्टिक आर्थ्रायटिस, सांध्यात जंतू शिरून झालेला पू. खुब्याच्या बाबतीत हा पू विशेष वाईट, कारण मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या सांध्याच्या पिशवीच्या आतूनच जातात. पिशवीत दाब वाढला की त्या चेपतात आणि गोळ्याची उपासमार सुरू होते. शिवाय जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी जी पाचक द्रव्यं सोडतात, ती हाडावरची गुळगुळीत कूर्चाही खातात. ही झीज तासांच्या हिशेबात सुरू होते. उशीर झाला तर गोळा विरघळतो, सांधा निखळतो, पाय आखूड राहतो. मूल वाचतं, पण पुढची साठ वर्षं लंगडतं.

अडचण अशी की पहिल्या दिवशी दोन्ही दुखणी सारखीच दिसतात. दोन्हींत मूल लंगडतं, दोन्हींत एक्स-रे बहुधा स्वच्छ असतो. सोनोग्राफी द्रव आहे एवढं सांगते, तो कसला आहे ते खात्रीने सांगत नाही.

या पेचावर बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले अस्थिशल्यचिकित्सक मिनिंदर कोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक उत्तर छापलं. त्यांनी आपल्या रुग्णालयातल्या १९७९ ते १९९६ या काळातल्या नोंदी काढल्या. खुबा दुखतो म्हणून आलेल्या १६८ मुलांची माहिती पुरेशी नीट होती. त्यांतल्या ८२ जणांना पू होता किंवा असल्याचं मानून उपचार झाले होते, तर ८६ जणांना साधी सूज होती. कोणत्या गोष्टी या दोन गटांना वेगळं काढतात, हे तपासल्यावर चार गोष्टी उरल्या. आधीच्या आठवड्यात ३८.५ सेल्सिअसचा, म्हणजे साधारण १०१.३ फॅरनहाइटचा ताप येऊन गेला का? मूल पायावर अजिबात वजन देत नाही का? रक्ताचा ईएसआर ताशी ४० मिलिमीटर किंवा जास्त आहे का? आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी १२,०००च्या वर आहेत का?

यांतलं एकही लक्षण नसेल तर पू असण्याची शक्यता ०.२ टक्क्यांहून कमी निघाली. एक असेल तर ३ टक्के, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ९३ आणि चारही असतील तर ९९.६. जगभरच्या रुग्णालयांत हे आकडे भिंतीवर चिकटवले गेले. आमच्याही ड्यूटी रूममध्ये होते, कोणीतरी सेलोटेपने लावलेले.

त्या रात्री आमच्या मुलाचे आकडे असे होते. आल्यावर ताप ३७.६ सेल्सिअस. निवासी डॉक्टरने तापाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं. मी आईला विचारलं, "काल किती होता?" ती म्हणाली, "एकशे दोन. संध्याकाळी सातला सिरप दिलंय." कोकरांच्या प्रश्नात ताप 'आत्ता' असायलाच हवा अशी अट नाही, तो येऊन गेलेलाही चालतो. 'नाही'चं 'हो' झालं. पाय टेकत नाही, हे दुसरं 'हो'. ईएसआर ३४ आणि पांढऱ्या पेशी ११,८००, दोन्ही रेषेच्या खाली. म्हणजे दोन गुण, ४० टक्के.

चाळीस टक्के हा आकडा फार त्रासदायक असतो. मुलाला घरी पाठवायला तो फार मोठा आहे आणि थेट ऑपरेशन टेबलावर घ्यायला लहान.

शिवाय तो आकडा आपल्या मुलाला जसाच्या तसा लागू होत नाही. बॉस्टनच्या त्या १६८ मुलांत जवळजवळ निम्म्यांना पू होता. खेड्यातल्या डॉक्टरकडे लंगडत येणाऱ्या मुलांमध्ये असं प्रमाण कधीच नसतं, तिथे बहुतेकांना साधी सूजच असते. ज्या तळ्यात मासे कमी, तिथे तेच जाळं टाकलं तरी हाती कमीच लागतात. गुणांचंही तसंच आहे. त्याच गटाने २००४ मध्ये आपल्याच रुग्णालयातल्या नव्या मुलांवर ही मोजणी पुन्हा तपासली, तेव्हा चार गुणांची शक्यता ९९.६वरून ९३ टक्क्यांवर उतरली आणि शून्य गुण असूनही सुमारे २ टक्के मुलांत पू सापडला. त्याच वर्षी सेंट लुईसच्या डॉक्टरांनी आपल्या मुलांवर हीच फूटपट्टी लावली, तर चारही लक्षणं असलेल्यांत पू असण्याची शक्यता जेमतेम ५९ टक्के आली. सूत्र चुकलं नव्हतं, मुलं वेगळी होती. मला विचाराल तर या गुणांचा खरा उपयोग निकाल लावण्यासाठी नाही, सुई कोणाच्या सांध्यात घालायची हे ठरवण्यासाठी आहे.

आपल्याकडे आणखी एक खोच आहे. रक्त कमी असलं की ईएसआर आपोआप वाढतो, आणि आपल्या पाच वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन नऊ-दहा असणं मुळीच दुर्मीळ नाही. अशा मुलाचा ४५ ईएसआर पाहून घाबरण्याआधी हिमोग्लोबिनकडे बघावं लागतं. उलट बाजूने, ईएसआर सावकाश चढतो, संसर्ग सुरू होऊन दिवस-दोन दिवस जातात. म्हणून आता सीआरपी ही रक्ततपासणी पाचवा प्रश्न झाली आहे. ती काही तासांतच वर जाते. फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये जिचा अभ्यास छापला, त्यात रेषा होती डेसिलिटरला २ मिलिग्रॅमची. आपल्या बहुतेक लॅब सीआरपी लिटरला मिलिग्रॅममध्ये देतात, म्हणजे तीच रेषा अहवालात २० होते. हा एककांचा घोटाळा लहान वाटतो, पण ८ हा आकडा पाहून "दोनच्या वर आहे" म्हणत मूल भरती करून घेतलेलं मी पाहिलं आहे.

आमच्या मुलाचा सीआरपी होता लिटरला ५८ मिलिग्रॅम. ४० टक्क्यांचं पारडं आता पुवाच्या बाजूने झुकलं होतं. सोनोग्राफीत उजव्या खुब्यात द्रव स्पष्ट दिसत होता. सुई घालायचं ठरलं.

एक गोष्ट मात्र मी निवासी डॉक्टरला थांबवायला लावली. त्याने शिरेतून अँटिबायोटिक काढून तयार ठेवलं होतं. मूल फिकट पडलेलं, धापा टाकणारं, रक्तदाब घसरलेलं असेल तर एक मिनिटही थांबू नये. पण हे मूल स्थिर होतं. औषध आधी गेलं की सांध्यातले जंतू अर्धमेले होतात, कल्चरमध्ये उगवत नाहीत, आणि मग पुढचे दोन-तीन आठवडे आपण अंधारात औषध देत राहतो. आधी रक्ताचं कल्चर, मग सांध्याचा द्रव, मग औषध. गावातल्या सिरपने हे नुकसान थोडं आधीच केलेलं होतं.

मुलाला भूल दिली. सोनोग्राफीच्या नजरेखाली, मांडीच्या पुढच्या बाजूने, कण्यात टोचतात तशी लांब सुई खुब्याच्या पिशवीत घातली. अंदाजाने घातलेली सुई कोरडी निघाली, तर 'द्रव नाही' असा अर्थ काढायचा नसतो, सुई सांध्यात गेलीच नसेल. म्हणून पडद्यावर तिचं टोक दिसणं महत्त्वाचं. जेमतेम चार मिलिलिटर द्रव आला. तो पिवळसर होता, पण गढूळ. सिरिंजपलीकडची छापील अक्षरं त्यातून वाचता येत नव्हती. साध्या सुजेचं पाणी बहुधा फिक्या चहासारखं आणि पारदर्शक असतं. पण डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

या चार मिलिलिटरचं काय करायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पहिला वाटा कल्चरला, आणि तोही दोन ठिकाणी : थोडा निर्जंतुक डबीत आणि थोडा रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत. काही हट्टी जंतू नेहमीच्या थाळीवर उगवत नाहीत, बाटलीतल्या पातळ रसात उगवतात. दुसरा वाटा जांभळ्या झाकणाच्या नळीत, पेशी मोजण्यासाठी. साध्या नळीत घातला तर द्रव गोठतो, पेशी गुठळीत अडकतात आणि मोजणी खोटी कमी येते.

लॅबमध्येही एक खाचखळगा आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हाताने मोजताना जे पातळ करणारं द्रावण वापरतात, त्यात ॲसिटिक ॲसिड असतं. सांध्याच्या द्रवात ते घातलं की त्यातला बुळबुळीत पदार्थ चोथ्यासारखा बसतो आणि पेशी सोबत घेऊन जातो. तिथे साधं सलाइन वापरायचं. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला हे माहीत असेलच असं गृहीत धरू नये. मी स्वतः नळी घेऊन गेलो आणि जुन्या सूक्ष्मदर्शकाशेजारी उभा राहिलो.

पाऊण तासाने अहवाल आला. एका घनमिलिमीटरमध्ये ४६,००० पांढऱ्या पेशी, त्यांपैकी ८८ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पेशी. ग्राम स्टेनमध्ये जंतू दिसले नाहीत.

निवासी डॉक्टरचा चेहरा उजळला. "सर, पन्नास हजारांच्या खाली आहे. आणि ग्राम निगेटिव्ह."

पुस्तकात लिहिलेलं असतं की ५०,०००च्या वर पेशी म्हणजे पू. निरोगी सांध्यात २००च्या आत पेशी असतात, साध्या सुजेत सहसा पाच ते पंधरा हजार, पुवात पन्नास हजार ते लाख-दोन लाख. ५०,००० ही रेषा कोणीतरी सोयीसाठी आखलेली आहे, सांध्याला ती माहीत नसते. आजार अगदी सुरुवातीचा असेल, अँटिबायोटिकचे डोस आधी पोटात गेलेले असतील, तर पू असूनही आकडा खाली राहतो. दुसऱ्या बाजूने, मुलांच्या संधिवातात जंतू नसतानाही पेशी पन्नास हजारांपलीकडे जाऊ शकतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात गोचिडीतून होणाऱ्या लाइम रोगातही तसं होतं. म्हणून २५,००० ते ७५,००० हा पट्टा मी करडा मानतो. त्याच्या बराच खाली आणि मूल प्रसन्न असेल तर थांबावं, त्याच्या वर तर बोलायलाच नको. पण पट्ट्याच्या आत एकटा आकडा काही ठरवत नाही. न्यूट्रोफिल ९० टक्क्यांच्या आसपास आहेत का, सीआरपी किती, सुई घालायच्या आधी काय वाटत होतं, हे सगळं एकत्र धरावं लागतं.

ग्राम स्टेनचं तर मी त्या रात्री जवळजवळ हसण्यावारी नेलं. जंतू दिसले तर शंभर टक्के पू. पण खरोखर पू असलेल्या मुलांतही निम्म्याहून जास्त वेळा काचेवर काहीच दिसत नाही. त्याचा होकार सोन्यासारखा, नकार कवडीमोल. कल्चरही पू असलेल्या प्रत्येक मुलात उगवत नाही, आणि उगवलं तरी एक-दोन दिवस लागतात. तेवढा वेळ खुब्याच्या गोळ्याकडे नसतो.

मी हिशेब असा मांडला. सुईआधी शक्यता चाळीसहून बरीच वर, निम्म्याच्याही पुढे. द्रव गढूळ. ४६,००० पेशी, पण आधी सिरप घेतल्यावरच्या. न्यूट्रोफिल ८८ टक्के. आता दोन चुका शक्य होत्या. पू नसताना सांधा उघडून धुतला, तर मांडीवर चार सेंटिमीटरचा व्रण आणि दोन-तीन दिवसांचं वाढीव दुखणं. पू असताना सकाळपर्यंत थांबलो, तर कदाचित खुबा. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून त्यांच्यामधली रेषा ५०,०००वर ठेवण्याचंही कारण नाही. पहाटे दीड वाजता सांधा उघडला, सलाइनने भरपूर धुतला, आत निचऱ्याची नळी ठेवली आणि मग अँटिबायोटिक सुरू केलं.

थाळीवर काहीच उगवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत मात्र स्टॅफिलोकोकस ऑरियस उगवला, म्हणजे मुलांच्या सांध्यांतला नेहमीचा गुन्हेगार.

त्याच आठवड्यात ओपीडीत सहा वर्षांचा एक मुलगा आला. दोन दिवस लंगडत होता, पण चालत होता. आधीच्या आठवड्यात सर्दी झालेली. ताप नाही, ईएसआर १८, पेशी ९,०००, सीआरपी ६. सोनोग्राफीत त्याच्याही खुब्यात द्रव होता, अगदी आधीच्या मुलाइतकाच. त्याला सुई लावली नाही. आयबुप्रोफेन दिलं, घरी पाठवलं आणि आईला सांगितलं की रोज दोनदा ताप मोजून लिहा, आणि दोन दिवसांनी बरा वाटला तरी दाखवा. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्याच्या जिन्यावर उड्या मारत आला. हे दोन दिवसांनी पुन्हा बघणं मला सगळ्या गुणांहून जास्त खात्रीचं वाटतं, कारण साधी सूज दोन दिवसांत उताराला लागते आणि पू कधीच लागत नाही. आठवडा-दोन आठवडे उलटूनही लंगडणं राहिलं, तर मात्र शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो : क्षय, पर्थेस रोग, क्वचित रक्ताचा कर्करोग.

दोन वयांत ही चार प्रश्नांची फूटपट्टी मोडते. तान्ह्या बाळाला पू झाला तरी ताप येईलच असं नाही आणि पाय टेकण्याचा प्रश्नच नसतो. लंगोट बदलताना ते एक पाय हलवत नाही, धरला की रडतं, एवढीच खूण. आणि सहा महिने ते चार वर्षांच्या दरम्यान किंगेला किंगी नावाचा जंतू सांध्यात शिरतो. तो मुलांच्या घशात राहतो आणि त्याचा पू फार सभ्य असतो : ताप थोडका, रक्ताचे आकडे जवळजवळ नॉर्मल, गुण शून्य किंवा एक. थाळीवर तो सहसा उगवत नाही. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी सांध्याचा द्रव सरळ रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत घालून पाहिला, तेव्हा कळलं की वर्षानुवर्षं 'काहीच उगवलं नाही' म्हणून सोडून दिलेल्या सांध्यांत बऱ्याचदा हा बसलेला असतो. आता पीसीआर तपासणीने तो आणखी सहज सापडतो. म्हणून दोन वर्षांचं मूल गुणांत बसत नसलं, तरी ते पायावर उभंच राहत नसेल तर मी गुणांकडे पाहत नाही.

आमचा तो पाच वर्षांचा मुलगा आता सातचा आहे. दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढतो. गोळा गोल आहे, दोन्ही पाय सारखे आहेत.

मूल तापात असेल आणि पाय टेकत नसेल, तर चोळू नका आणि सकाळची वाट पाहू नका. निघताना घरात दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या पिशवीत टाका, तापाचं औषध शेवटचं किती वाजता दिलं ते कागदावर लिहा, आणि वाटेत बिस्किटं भरवू नका. भूल द्यायची वेळ आली, तर भरल्या पोटामुळे काही तास वाया जातात.